दहा किलो आंबेमोहोर आणि माफीचं पत्र

चुकीचा माल घरी गेला, की किराणा दुकानात बहुतेक वेळा एकच गोष्ट होते. गिऱ्हाईक फोन करतं, दुकानदार "बदलून देतो, मुलाला पाठवतो" म्हणतो आणि संध्याकाळी मुलगा येऊन पिशवी बदलून जातो. साखरेच्या जागी पिठीसाखर आली असेल तर एवढं पुरतंही. पण कधी कधी चूक मोठी असते. माल फोडलेला असतो, थोडा वापरलेला असतो, भावात फरक असतो, पैसे आधीच दिलेले असतात आणि त्या चुकीने घरातल्या एखाद्या दिवसाचा विरस झालेला असतो. अशा वेळी फोनवर कोण काय बोललं हे दोन दिवसांनी दोघांनाही नीट आठवत नाही. मग दुकानदाराने चार ओळींचं का होईना, पत्र लिहायला हवं. त्या पत्रात काय असावं आणि काय नसावं, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्याही पेठेत किंवा उपनगरात रोज घडू शकते.

पुण्यातलं एक मध्यम आकाराचं किराणा दुकान. डाळी, तांदूळ, पिठं सुटी मिळतात, लाकडी घाण्याचं तेल कॅनमध्ये भरून मिळतं. महिन्याच्या सुरुवातीला घरोघरच्या याद्या येतात, माल भरला जातो आणि घरपोच जातो. एक काकू या दुकानाच्या फार जुन्या गिऱ्हाईक. ४ जूनला त्यांचं सामान गेलं, पैसे यूपीआयने आगाऊ मिळाले होते. त्यांच्या यादीत दहा किलो आंबेमोहोर होता, किलोला १२० रुपये भावाने १,२०० रुपयांचा. शिवाय दोन लिटर करडई तेल होतं, ७३५ रुपयांचं. ६ जूनला घरी सत्यनारायण होता आणि वीस-पंचवीस पानं व्हायची होती. काकूंनी दोन किलो तांदूळ काढून मसालेभात केला आणि भाताचा गोळा झाला. पाहुण्यांसमोर काही बोलायची सोय नव्हती. पूजेची सगळी आवराआवर झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडून दाणे हातावर घेऊन पाहिले आणि दुकानात फोन केला. घरी आलेला तांदूळ इंद्रायणी होता.

या दोन तांदळांचं नातं जवळचं आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोरच्याच एका वाणाचा संकर करून इंद्रायणी तयार केला. दोघांनाही सुवास आहे, दोन्ही मावळ-मुळशीच्या पट्ट्यात पिकतात आणि पुण्याच्या स्वयंपाकघरात दोन्हींना मान आहे. दाणा मात्र वेगळा असतो. आंबेमोहोर आखूड आणि जरा गोलसर, इंद्रायणी त्यापेक्षा लांब. इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकट होतो, त्यात तांदूळ नवा असेल तर जास्तच. गुरगुट्या भाताला तो छान, पण मोकळ्या मसालेभाताला नाही. दोन्ही तांदूळ एकाच तऱ्हेच्या साध्या पिशवीत बांधून आले, तर कामाच्या गडबडीत कोणी दाणा निरखून पाहत नाही. फरक कळतो तो शिजल्यावर. काकूंनी दोन किलो तांदूळ वापरला, यात त्यांची काही चूक नाही. हे आधीच लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा हिशेब त्या दोन किलोंवर अडतो.

फोन ठेवल्यावर दुकानदाराने जे केलं ते पत्राच्याही आधीचं काम आहे. तांदळाची तक्रार आली म्हणून त्याने फक्त तांदूळ पाहिला नाही, काकूंचं पूर्ण बिल काढलं आणि त्या दिवशी भरलेल्या बाकीच्या याद्यांशी लावून पाहिलं. उलगडा लगेच झाला. त्याच सोसायटीत, दुसऱ्या विंगमध्ये, त्याच आडनावाचं आणखी एक घर होतं. सुटा माल एका काट्यावर तोलला जातो आणि बांधलेल्या पिशवीवर चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवर नुसतं आडनाव होतं. पाकीटबंद माल दुसरीकडे, फळीवरून बिल हातात धरून भरला गेला, म्हणून तो बरोबर गेला. सुट्या मालाच्या पिशव्या आणि तेलाचे कॅन मात्र अदलाबदल झाले. म्हणजे काकूंकडे करडईच्या जागी घाण्याचं शेंगदाणा तेल गेलं होतं, आणि काकूंच्या नातीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे.

इथे पत्र लिहायला बसायचं नसतं, पुन्हा फोन उचलायचा असतो. लाकडी घाण्याचं तेल रिफाइंड नसतं, त्यामुळे त्यात शेंगदाण्यातली प्रथिनं थोडी राहू शकतात आणि अॅलर्जी त्या प्रथिनांची असते. दुकानदाराने पाच मिनिटांत उलटा फोन करून सांगितलं, "काकू, तो तेलाचा कॅन अजिबात उघडू नका, त्यात शेंगदाणा तेल आहे. माणूस आत्ता पाठवतो." कॅन सुदैवाने सीलबंदच होता. त्याच रात्री तो उचलला गेला. दुसऱ्या घरीही फोन झाला. ज्या चुकीने कोणाच्या पोटात भलतंच जाऊ शकतं, ती चूक आधी तोंडी सांगायची. पत्र नंतर, झालेल्या गोष्टीची नोंद म्हणून.

आता पत्र. दुकानदार मंडळींनी लिहिलेली अशी पत्रं किंवा व्हॉट्सअॅपवरचे मजकूर पाहिले, तर त्यांचा साचा ठरलेला दिसतो: "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. नवीन मुलाकडून नजरचुकीने माल बदलला गेला. कृपया माल बिलासह दुकानात आणून द्यावा, बदलून देण्यात येईल. रक्कम पुढील बिलात वळती करण्यात येईल." वाचायला यात काही वावगं वाटत नाही. पण काकूंच्या जागी बसून वाचलं, की एकेक ओळ बोचू लागते.

"गैरसोय" म्हणजे कोणती? पूजेचा भात बिघडला याचा उल्लेख नाही, नातीच्या तेलाचा तर नाहीच. नेमकं काय चुकलं हे न सांगता मागितलेली माफी दुकानदाराला काही कळल्याचं दाखवत नाही. तिथे चुकीच्या वस्तूचं नाव यायला हवं, यादीतल्या वस्तूचं नाव यायला हवं आणि त्या चुकीने त्यांच्या घरी काय झालं तेही यायला हवं. माफी दोन वाक्यांत संपली तरी चालते. तीच माफी पाच वेळा मागितली तर ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि "असू द्या हो" म्हणण्याची जबाबदारी उलट तिच्यावर येते.

"नवीन मुलाकडून" हे तर लिहूच नये. मुलगा नवीन असो की जुना, चिठ्ठीवर फक्त आडनाव लिहायची पद्धत दुकानाची होती. तीच पद्धत राहिली तर सगळ्यात जुना माणूसही तीच चूक करील. गिऱ्हाइकाला कोणाचा दोष होता यात फारसा रस नसतो. पुढच्या महिन्यात पुन्हा असं होईल का, एवढंच तिला हवं असतं. म्हणून कारण सांगायचं ते एका वाक्यात, आणि त्याला लागून काय बदललं ते सांगायचं. बदलही असा, की तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. "यापुढे काळजी घेऊ" हे कोणालाच तपासता येत नाही. "पिशवीवर विंग आणि फ्लॅट नंबर लिहिलेला असेल" हे पुढचं सामान आलं की दारातच दिसतं.

"माल दुकानात आणून द्यावा" ही ओळ नुसती उद्धट नाही, ती कायद्याच्याही उलट आहे. १९३० चा मालविक्री कायदा याबाबत स्पष्ट आहे. ठरलेल्या मालासोबत वेगळ्याच वर्णनाचा माल मिसळून आला, तर ग्राहकाला बरोबर तेवढा ठेवून बाकीचा नाकारता येतो किंवा सगळाच नाकारता येतो. ते कलम ३७ मध्ये आहे. नाकारलेला माल परत पोचवणं ग्राहकावर बंधनकारक नाही, नाकारल्याचं विक्रेत्याला कळवलं की पुरे, हे कलम ४३ मध्ये आहे. काकूंनी फोन केला तिथेच त्यांचं काम संपलं. आठ किलो तांदूळ उचलून नेणं हे दुकानाचं काम आहे.

मग वापरलेल्या दोन किलोंचं काय? कायद्याने पाहिलं तर इथे वादाला जागा आहे. माल तपासायची रास्त संधी ग्राहकाला मिळायला हवी, असं तोच कायदा सांगतो. पण माल ग्राहकाने वापरला तर तो त्याने स्वीकारला, असंही विक्रेत्याला म्हणता येतं, आणि एकदा स्वीकारला म्हटलं की ग्राहकाला फार तर भावातला फरक किंवा नुकसानभरपाई मागता येते. हा मुद्दा कोर्टात कसा सुटेल ते प्रत्येक प्रकरणावर अवलंबून. पण तांदूळ शिजवल्याशिवाय ओळखू येत नाही हे जो दुकानदार स्वतः जाणतो, त्याने दोन किलोंवर हुज्जत घालणं मला मुळीच पटत नाही. विक्रीच्या भावाने ते दीडशे रुपये होतात. ते सोडून द्यावेत आणि सोडून दिल्याचं पत्रात स्पष्ट लिहावं. नाही लिहिलं तर मुलगा तांदूळ घ्यायला आल्यावर "दोन किलो कमी आहे" म्हणेल आणि दारात पुन्हा नवा प्रसंग उभा राहील.

तांदळाच्या बाबतीत काकूंपुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे उरलेला इंद्रायणी दुकानाने घेऊन जायचा आणि यादीप्रमाणे पूर्ण दहा किलो आंबेमोहोर द्यायचा. दुसरी म्हणजे इंद्रायणी घरात चालत असेल तर तो ठेवायचा आणि फरक परत घ्यायचा. इंद्रायणीचा भाव किलोला ७५ रुपये, म्हणजे दहा किलोचे ७५० रुपये. काकूंनी दिले १,२००. परत यायचे ४५० रुपये.

दुकानदाराच्या दृष्टीने या दोन वाटा सारख्या नाहीत. दुसऱ्या वाटेत त्याच्या खिशातून काही जात नाही, त्याने जास्तीचे घेतलेले पैसेच तो परत करतो. पहिल्या वाटेत साडेसातशे रुपयांचा इंद्रायणी जवळजवळ पूर्ण पाण्यात जातो. दोन किलो शिजला, आणि उरलेला आठ किलो कोणाच्या तरी घरच्या डब्यात चार दिवस राहून आलेला. तो डबा कोरडा होता का, त्यात आधीच्या तांदळाचे किडे होते का, हे दुकानाला कळायला मार्ग नाही. असा तांदूळ पोत्यात परत ओतला तर एका घरातली कीड पन्नास घरांत जाईल. तो बाजूला ठेवावा, विक्रीच्या मालात कधीच मिसळू नये. म्हणूनच पुष्कळ दुकानदार फोनवर हळूच दुसऱ्या वाटेकडे वळवतात: "ठेवा ना काकू, इंद्रायणी पण छानच असतो." पत्रात हा मोह टाळायचा. काकूंनी जे मागितलं होतं ते देण्याची वाट आधी लिहायची आणि स्वस्तातली वाट नंतर, तीही "आपल्याला सोयीचं असेल तर" असं म्हणून.

आणखी एक मोह असतो. काकूंचा आंबेमोहोर शेजारच्या विंगमध्ये आहेच, मग दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता देऊन अदलाबदल करायला सांगावी. हे मुळीच करू नये. तिथलीही पिशवी फोडलेली असते, कोणाच्या घरी काय सामान जातं हे दुसऱ्या घराला सांगायचा दुकानाला अधिकार नसतो, आणि दुकानाची चूक निस्तरायला दोन घरांनी जिने चढावेत हे बरं दिसत नाही. पत्रात "दुसऱ्या एका घराचा माल" एवढंच यावं, नाव येऊ नये. त्या घराला त्यांचं वेगळं पत्र जाईल.

तेलाची गोष्ट तांदळापेक्षा सोपी होती, पण तिच्यात एक अडचण निघाली. करडई तेल संपलं होतं आणि घाण्यावरचा नवा माल १२ जूनला यायचा होता. अशा वेळी "तेल आलं की पाठवतो" म्हणून काकूंचे ७३५ रुपये चार-पाच दिवस अडकवून ठेवायचे नसतात. माल हातात नाही, तर पैसे परत. मग १२ तारखेला तेल आल्यावर त्यांना हवं असेल तर नवं बिल करून द्यावं. त्यांना मधल्या दिवसांत तेल दुसरीकडून घ्यावं लागलं तर तेही त्यांना मोकळेपणी घेता यायला हवं.

पैसे परत करण्याबद्दल माझा एक आग्रह आहे. आधी पैसे पाठवावेत आणि मग पत्र लिहावं. "परत करण्यात येतील" आणि "आज सकाळी परत पाठवले आहेत" या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं वाक्य वाचून काकूंना वाट पाहायला लागते, दुसरं वाचून फक्त खातं पाहायचं असतं. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो पत्रात द्यावा. पैसे दिसले नाहीत तर त्यांच्या बँकेला त्या क्रमांकावरून शोधता येतं. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जावेत. व्यापाऱ्यांच्या बऱ्याच अॅपमध्ये मूळ व्यवहार उघडून तिथूनच परतावा देता येतो. ती सोय नसेल तर काकूंच्या नेहमीच्या नंबरवर, नाव तपासून, साधं पेमेंट करावं.

त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य घालावं, विशेषतः गिऱ्हाईक वयस्कर असेल तर. परताव्याच्या नावाखाली लोकांना फसवण्याचे प्रकार इतके वाढले आहेत की "रिफंड" हा शब्दच आता धोक्याचा झाला आहे. कोणी कोड पाठवतं, कोणी लिंक पाठवतं, कोणी "पैसे घ्यायला पिन टाका" सांगतं. यूपीआयवर पिन लागतो तो पैसे देताना. पैसे जमा होण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि काही स्कॅनही करावं लागत नाही. दुकानाने हे लिहून दिलं, तर उद्या दुकानाच्या नावाने कोणी फोन केला तरी काकू सावध राहतील.

परताव्याऐवजी "पुढच्या बिलात वळते करू" असं म्हणायची सवय किराणा दुकानांत जुनी आहे. वहीवर खातं चालतं तिथे ते स्वाभाविकही असतं. पण ते गिऱ्हाइकाने म्हणावं. दुकानदाराने परस्पर ठरवलं तर त्याचा अर्थ असा होतो, की चूक तुमची आणि तरी पुढचं सामान तुमच्याकडूनच घ्यायचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सदोष माल परत घेऊन पैसे परत न करण्याला अनुचित व्यापारी प्रथा मानतो. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. बिलाच्या तळाशी "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं म्हणून ही जबाबदारी टळत नाही. पण चांगल्या दुकानाने तीस दिवसांकडे पाहूच नये. इथे सगळं एका दिवसात होण्यासारखं होतं.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. तांदूळ बदलून दिला तर काकूंचं मूळ बिल तसंच राहतं, कारण बिल बरोबरच होतं, माल चुकला होता. नवं बिल केलं तर उलट दोनदा विक्री दिसेल. काकूंनी इंद्रायणी ठेवायचं ठरवलं तर बिल दुरुस्त करून द्यायला हवं. तेलाचे पैसे परत गेले म्हणून जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाने त्याची क्रेडिट नोट करावी: तेलाचे ७०० रुपये आणि पाच टक्क्यांनी कर ३५ रुपये, मिळून ७३५. तांदूळ सुटा असल्यामुळे त्यावर कर नव्हता. काकूंना यातलं काही समजून घ्यायची गरज नाही, फक्त क्रेडिट नोटेची प्रत पत्रासोबत जावी. परत गेलेले पैसे कशाचे, हे त्या कागदावर कायम राहतं.

हे सगळं मिळून पत्र असं होईल.

८ जून

सौ. काकू यांस,

स. न. वि. वि.

४ जूनला आपल्याकडे पाठवलेल्या सामानात आमच्याकडून दोन चुका झाल्या. आपल्या बिलात दहा किलो आंबेमोहोर होता, त्या जागी इंद्रायणी गेला. दोन लिटर करडई तेल होते, त्या जागी शेंगदाणा तेल गेले. बाकीचे सर्व जिन्नस यादीशी पुन्हा ताडून पाहिले, ते बरोबर आहेत.

पूजेच्या दिवशी पाहुण्यांसमोर आपला मसालेभात बिघडला, तो आमच्यामुळे. नातीला शेंगदाणा चालत नाही हे आपण आम्हाला फार पूर्वीच सांगून ठेवले होते, तरी ते तेल आपल्या घरी गेले, ही त्याहून मोठी चूक आहे. दोन्हींबद्दल मी मनापासून माफी मागतो.

आपल्या आणि दुसऱ्या एका घराच्या सुट्या मालाच्या पिशव्यांवर फक्त आडनाव लिहिले होते, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली. कालपासून प्रत्येक पिशवीवर आणि कॅनवर विंग व फ्लॅट नंबर लिहिण्यास सुरुवात केली आहे. सामान देताना आमचा माणूस दारात बिल वाचून सुटा माल आपल्याला दाखवील. त्याने दाखवला नाही तर कृपया सामान घेऊ नये आणि मला फोन करावा. आपल्या खात्यावर "शेंगदाणा चालत नाही" अशी लाल शाईने नोंद केली आहे. बिल करताना ती समोर दिसते.

तांदूळ: दहा किलो आंबेमोहोर या पत्रासोबत पाठवला आहे. उरलेला इंद्रायणी आमच्या माणसाकडे द्यावा. वापरलेल्या तांदळाचे काही लागणार नाही. आपल्याला इंद्रायणी ठेवणे सोयीचे असेल तर आंबेमोहोर परत पाठवावा, भावातील फरकाचे ४५० रुपये त्याच दिवशी परत करीन.

तेल: शेंगदाणा तेलाचा कॅन काल रात्री आमच्याकडे पोचला. करडई तेल सध्या शिल्लक नसल्याने आपले ७३५ रुपये आज सकाळी आपण ज्या खात्यातून दिले होते त्याच खात्यात परत पाठवले आहेत. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. हे पैसे मिळण्यासाठी आपल्याला कोणताही कोड स्कॅन करायचा नाही, पिन टाकायचा नाही आणि कोणतीही लिंक उघडायची नाही. तसे कोणी सांगितल्यास तो आमचा माणूस नाही असे समजावे.

करडई तेल १२ जूनला येणार आहे. आल्यावर फोन करून विचारीन. हवे असल्यासच पाठवीन.

काही राहिले असेल तर माझ्या स्वतःच्या नंबरवर केव्हाही फोन करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(दुकानमालकाची सही)

या पत्रात "भेट म्हणून" काही पाठवलेलं नाही, हे काहींना खटकेल. एखादा काजूचा पुडा सोबत द्यायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. पण ज्या घरात दाण्यांची अॅलर्जी आहे तिथे सुक्या मेव्याचा पुडा पाठवणं म्हणजे माफीसोबत तीच चूक पुन्हा पाठवण्यासारखं आहे. शिवाय भेट आली की हिशेबाबद्दल पुढे काही विचारायला माणूस संकोचतो. आधी हिशेब पूर्ण व्हावा. द्यायचंच असेल तर दिवाळीला द्यावं.

लेखी चूक कबूल केली तर ती उद्या आपल्यावरच उलटेल, ही भीती दुकानदारांकडून बरेचदा ऐकू येते. काकूंनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली, तर हे पत्र पुढे येईल, हे खरं आहे. पण त्या पत्रासोबत पैसे परत केल्याचा क्रमांक, बदलून दिलेला माल आणि तारखाही पुढे येतील. चुकीचा माल गेला हे बिल आणि पिशवी समोर ठेवली की तसंही सिद्ध होतं, ते झाकून काही मिळत नाही. दुकानाने लगेच काय केलं याचा पुरावा मात्र दुकानाने स्वतः लिहिलेल्या कागदाशिवाय कुठेच नसतो. ज्याची खात्री नाही ते लिहू नये, एवढं पथ्य पुरे. तेलातून नातीला त्रास झाला असता तर त्याचं कारण ठरवायचं काम पत्राचं नव्हतं. तिथे फक्त कोणतं तेल गेलं आणि केव्हा गेलं एवढंच लिहायचं असतं, आणि डॉक्टरांना दाखवायला कॅनवरच्या चिठ्ठीचा फोटो लगेच द्यायचा असतो.

पत्र मुलाच्या हाती पाठवलं तरी त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरही पाठवावा, कारण कागद वाणसामानाच्या पिशव्यांत हरवतो. एक प्रत दुकानाच्या फाइलमध्ये ठेवावी. दुकानातल्या सगळ्यांना ती वाचून दाखवावी, नाहीतर मालकाने पत्रात "दोन किलोंचं काही लागणार नाही" म्हटलेलं असतं आणि गल्ल्यावरचा माणूस दोन महिन्यांनी ते खात्यावर टाकतो.

पत्रातली तारीख पाळता आली नाही, घाण्यावरून तेल १२ ऐवजी १४ ला आलं, तर फोन १२ लाच करायचा आणि तेल न आल्याचं सांगायचं. काकूंनी तोवर दुसरीकडून तेल घेतलं असेल तर "बरं केलंत" म्हणून नोंद बंद करायची. पत्राला उत्तर आलंच नाही, तरी चार-पाच दिवसांनी मालकाने स्वतः एकदा विचारावं: पैसे जमा झालेले दिसले का, तांदूळ बरोबर होता का. एवढं एकदाच विचारावं. रोज फोन करून "काकू, राग गेला ना?" असं विचारत राहू नये. काकूंनी हो म्हटलं तर फाइलमधल्या प्रतीवर ती तारीख टाकावी आणि जुलैची यादी आली की तिच्यावर विंग आणि फ्लॅट नंबर लिहून ती काट्याकडे पाठवावी.